बल शून्य, टॉर्क मात्र आहे: विद्युत द्विध्रुवाचा पेच

समान मूल्याचे पण विरुद्ध चिन्हांचे दोन विद्युतप्रभार, +q आणि −q, एकमेकांपासून 2a अंतरावर असले की त्यांना द्विध्रुव म्हणतात. q आणि 2a यांचा गुणाकार म्हणजे द्विध्रुवाचे आघूर्ण p, आणि त्याची दिशा ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे. पुस्तकात या द्विध्रुवाची दोन प्रकरणे येतात. पहिल्यात तो देणारा असतो: स्वतःभोवती विभव आणि क्षेत्र निर्माण करतो, आणि आपण दूर उभे राहून ते मोजतो. दुसऱ्यात तो सोसणारा असतो: बाहेरून लादलेल्या एकसमान क्षेत्रात त्याच्यावर टॉर्क येतो आणि त्याची ऊर्जा कोनानुसार बदलते. दोन्हींकडे p हेच अक्षर आहे, पण दोन्हींचा सूर वेगळा. पहिल्यात सतत बजावलेले असते की r हे a पेक्षा खूप मोठे असेल तरच सूत्र खरे. दुसऱ्यात अशी अट कुठेच नाही; τ = pE sinθ हे काटेकोर सूत्र म्हणून येते. एकच राशी एका ठिकाणी अंदाज आणि दुसऱ्या ठिकाणी नेमके सत्य, हे कसे? त्याला जोडून दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक बोचरा आहे. एकसमान क्षेत्रात द्विध्रुवावरचे निव्वळ बल शून्य असते, टॉर्क मात्र शून्य नसतो. क्रिया असेल तिथे प्रतिक्रिया असलीच पाहिजे. मग या टॉर्कची प्रतिक्रिया कुणावर होते?

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे माझे म्हणणे आहे. ते सिद्ध करायचे तर पूर्वपक्षाला पुरेपूर बोलू द्यायला हवे.

पूर्वपक्ष म्हणतो: "p ही निसर्गातली वस्तूच नव्हे. ती दुरून पाहणाऱ्याची सोय आहे. खरे आहेत ते प्रभार आणि त्यांच्या जागा. त्यांचे एकूण मूल्य शून्य, म्हणून विभवातला 1/r हा मुख्य भाग नाहीसा होतो आणि मागे जे उरते त्याला तुम्ही p म्हणता. अक्षावरचे विभवच पाहा. काटेकोर हिशेबाने ते kp/(r² − a²) येते. त्यातला a² तुम्ही क्षुल्लक म्हणून खोडता आणि kp/r² लिहिता. खोडाखोड करून मिळालेल्या गोष्टीला गुणधर्म कसे म्हणायचे?"

हा आक्षेप आकड्यांत मोजून पाहिला पाहिजे, कारण 'खूप दूर' या शब्दांना स्वतःचा असा अर्थ नसतो. अक्षावरचे काटेकोर क्षेत्र 2kpr/(r² − a²)² आहे आणि दूरचे सूत्र 2kp/r³ देते. r हे a च्या दहापट असताना काटेकोर क्षेत्र सूत्रापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त भरते. r फक्त तिप्पट असेल तर फरक २७ टक्क्यांवर जातो, आणि तिथे सूत्र वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक. विषुवीय दिशेला, म्हणजे द्विध्रुवाला काटकोनात, चूक उलट बाजूने होते. तिथले काटेकोर क्षेत्र kp/(r² + a²)^(3/2) आहे. दहापट अंतरावर ते सूत्रापेक्षा दीड टक्क्याने कमी आणि तिप्पट अंतरावर सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. म्हणून एखाद्या मोजणीत अक्षावर सूत्रापेक्षा जास्त आणि विषुवीय रेषेवर कमी क्षेत्र सापडत असेल, तर उपकरणावर संशय घेण्याआधी आपण पुरेसे दूर आहोत का हे तपासावे. इथपर्यंत पूर्वपक्ष बरोबर आहे: दूरचे सूत्र अंदाजच आहे. पण त्या अंदाजाला शिस्त आहे. अंतर दुप्पट केले की चुकीचे प्रमाण चौपटीने घटते, म्हणून किती चूक खपवून घ्यायची ते आधी ठरवता येते.

'खरे काय, तर प्रभार आणि त्यांच्या जागा' हा त्याचा दुसरा दावा मात्र तितकासा टिकत नाही. पाण्याचा रेणू घ्या. त्याचे आघूर्ण १.८५ डिबाय, म्हणजे सुमारे 6.2 × 10⁻³⁰ कूलॉम-मीटर, हे पक्के मोजलेले आहे. पण त्यात q किती आणि 2a किती? ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या अणुकेंद्रांवरच प्रभार बसवले, तर बंधाची लांबी ०.९६ अँगस्ट्रॉम आणि कोन १०४.५ अंश यांवरून ऋण आणि धन केंद्रांमधले अंतर सुमारे ०.५९ अँगस्ट्रॉम येते. मग ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या साधारण दोन-तृतीयांश प्रभार मानावा लागतो. पण असा दोन-तृतीयांश प्रभाराचा ठिपका तिथे कुठेही नाही. आहे तो इलेक्ट्रॉनांचा पसरलेला ढग. कार्बन मोनॉक्साइड तर याहून खट्याळ. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढण्यात कार्बनपेक्षा बळकट, तेव्हा ऋण टोक त्याच्याकडे असेल असे कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्या रेणूचे इवलेसे, सुमारे ०.११ डिबायचे आघूर्ण उलट आहे. ऋण टोक कार्बनकडे. अणूंवर प्रभारांचे ठिपके अंदाजाने चिकटवणारा इथे दिशेतही चुकतो. थोडक्यात, रेणूच्या बाबतीत q आणि 2a हीच आपली सोय आहे, आणि प्रयोगाच्या हाती लागते ते p.

पूर्वपक्ष इथे दुसऱ्या वाटेने येतो. "ठीक, p मोजता येते असे धरू. पण दुसऱ्या प्रकरणातला तुमचा काटेकोरपणाही उसनाच आहे. एकसमान क्षेत्रात τ = pE sinθ अचूक येते, कारण +q वर qE आणि −q वर −qE अशी अगदी सारखी बले येतात. पण पूर्ण एकसमान क्षेत्र आणणार कुठून? एखाद्या प्रभारापासून अतिदूर जाल तेव्हाच त्याचे क्षेत्र द्विध्रुवाच्या लांबीभर सारखे भासेल. म्हणजे 'दूर असले पाहिजे' ही अट तुम्ही सूत्रातून काढून गृहीतकात लपवली. अंदाज तसाच राहिला, फक्त त्याची जागा बदलली."

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझे उत्तरही त्यातूनच निघते. बाह्य क्षेत्र आकाशातून पडत नाही, कुठल्यातरी प्रभारामुळे असते, हे एकदा मान्य केले की त्या प्रभाराला समोर आणून बसवावे. त्याला Q म्हणू. तो द्विध्रुवापासून r अंतरावर आहे आणि द्विध्रुवाच्या दिशेशी θ कोन करतो. आता ऊर्जा दोन वाटांनी काढता येते. पहिली वाट देणाऱ्या द्विध्रुवाची: त्याचे दूरचे विभव kp cosθ/r², त्यात Q ठेवला की ऊर्जा kQp cosθ/r². दुसरी वाट सोसणाऱ्या द्विध्रुवाची: Q चे क्षेत्र kQ/r², ते Q पासून द्विध्रुवाकडे जाणारे, म्हणजे p शी (180° − θ) कोन करणारे; U = −pE cosθ या सूत्रात θ च्या जागी तो कोन घातला की ऊर्जा पुन्हा kQp cosθ/r². दोन्ही उत्तरे एकच आहेत. दूरचे विभव आणि एकसमान क्षेत्रातली ऊर्जा ही पुस्तकातली दोन प्रकरणे म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी आहेत, एक देणाऱ्याच्या वहीतली आणि एक घेणाऱ्याच्या. 'Q द्विध्रुवापासून दूर आहे' आणि 'Q चे क्षेत्र द्विध्रुवावर एकसमान आहे' ही वाक्येही एकच अट सांगतात.

हे नुसते अक्षरांत न ठेवता एका उदाहरणावर घासून पाहू. निर्वात जागेत एक सोडियम आयन आणि त्याच्यापासून एक नॅनोमीटरवर पाण्याचा एक रेणू, ऑक्सिजन आयनाकडे वळलेला. आयनाचे क्षेत्र तिथे मीटरला सुमारे १४४ कोटी व्होल्ट, आणि pE म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हिशेबात ०.०५६. उलट बाजूने पाहिले तर रेणूमुळे आयनाच्या जागी ०.०५६ व्होल्ट एवढे ऋण विभव आहे, आणि आयनाचा प्रभार बरोबर एक एकक, ऊर्जा तीच. आता पूर्वपक्षाचा मुद्दा तपासा. ०.५९ अँगस्ट्रॉमच्या लांबीत आयनाचे क्षेत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १२ टक्क्यांनी बदलते. हे काही एकसमान नव्हे. तरीही दोन ठिपक्यांच्या या नमुन्यात, मध्यबिंदूपासून अंतर मोजले तर, ऊर्जेतली चूक एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे, कारण एका टोकाची जादा आणि दुसऱ्या टोकाची कमतरता एकमेकांना जवळपास पुसतात. खऱ्या रेणूत प्रभारांचे वाटप इतके सममित नसते, म्हणून तिथे पुसापुशी एवढी चोख होत नाही. पण मुद्दा त्याने बिघडत नाही.

ते १२ टक्के गेले कुठे, हे विचारण्यासारखे आहे. ते ऊर्जेतून पुसले गेले, पण बलात उरले. जवळच्या ऋण टोकावरची ओढ दूरच्या धन टोकावरच्या ढकलण्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून रेणू आयनाकडे ओढला जातो. त्या ओढीचे सूत्र 2kQp/r³, आणि मूल्य सुमारे १८ पिकोन्यूटन. सूत्राकडे नीट पाहिले तर ओळख पटते: Q ने भागले की 2kp/r³ उरते, म्हणजे द्विध्रुवाचे अक्षावरचे दूरचे क्षेत्र. दुसऱ्या शब्दांत, 'अक्षावरचे क्षेत्र 1/r³ ने का घटते' याचे उत्तर द्विध्रुवाकडे न पाहताही देता येते. Q चे क्षेत्र 1/r² ने घटते, त्याचा उतार 1/r³ ने घटतो, आणि निव्वळ बल उतारातूनच येते. क्षेत्र पूर्ण एकसमान असते तर उतार शून्य, बलही शून्य, आणि नेमके हेच पुस्तक सांगते.

आता मूळ बोचरा प्रश्न. Q ला विषुवीय रेषेवर, p ला काटकोनात ठेवा. इथे द्विध्रुवाचे विभव शून्य असते, आणि त्यामुळे बऱ्याच जणांचा समज होतो की तिथे काहीच नाही. पण विभव शून्य म्हणजे क्षेत्र शून्य नव्हे. क्षेत्र हा विभवाचा उतार, आणि या रेषेवर उभे राहून p च्या दिशेने एक पाऊल टाकले की विभव धन होते, उलट टाकले की ऋण. तिथे kp/r³ एवढे क्षेत्र आहे, अक्षावरच्या क्षेत्राच्या निम्मे, आणि p च्या नेमके विरुद्ध दिशेने. हे उलटे, आडवे क्षेत्र विद्यार्थी पाठ करतात, पण ते का असावे याचे कारण टॉर्कमध्ये आहे. Q मुळे द्विध्रुवावर येणारा टॉर्क pE, म्हणजे kQp/r². त्याच वेळी द्विध्रुवाच्या आडव्या क्षेत्रामुळे Q वर kQp/r³ बल येते. या बलाला r या भुजेने गुणा: द्विध्रुवाच्या केंद्राभोवती Q वरचा टॉर्क kQp/r², तेवढाच आणि उलट दिशेचा. हरवलेली प्रतिक्रिया ती हीच. आपल्या आयनाच्या उदाहरणात Q वर आडवे बल ९ पिकोन्यूटनच्या आसपास, भुजा एक नॅनोमीटर, आणि गुणाकार अगदी pE एवढा. विषुवीय क्षेत्र नसते तर रेणू वळताना कोनीय संवेग शून्यातून निर्माण झाला असता.

पूर्वपक्ष अजून हार मानत नाही. "पण यात द्विध्रुवावरही आडवे निव्वळ बल आले. एकसमान क्षेत्रात ते शून्य असते असे तुम्हीच म्हणालात." होय, आणि ते शून्याकडे कसे जाते ते पाहणे हेच उत्तर. Q ला शंभर नॅनोमीटरवर न्या आणि द्विध्रुवापाशी क्षेत्र तेवढेच राहावे म्हणून Q दहा हजारपट मोठा करा. टॉर्क जसाच्या तसा राहतो. बल मात्र pE/r, म्हणजे शंभर पटीने घटून ०.०९ पिकोन्यूटन. अंतर आणखी वाढवत न्या. बल हवे तेवढे क्षीण होईल, भुजा तेवढीच लांब होईल, आणि गुणाकार हलणार नाही. 'बल शून्य, टॉर्क शून्य नाही' हे विधान या प्रवासाचे शेवटचे टोक आहे. तिथे प्रतिक्रिया नष्ट होत नाही. क्षेत्र निर्माण करणारे प्रभार दूर आहेत म्हणून ती चित्राबाहेर जाते. दोन समांतर पट्ट्यांमध्ये क्षेत्र असेल तर पट्ट्यांवरच्या प्रभारांना, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या आधाराला, तोच टॉर्क उलट दिशेने सोसावा लागतो.

यातही एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत निर्णायक वाटते. विषुवीय स्थितीत a खोडून न टाकता काटेकोर हिशेब केला तर द्विध्रुवावरचा टॉर्क kQpr/(r² + a²)^(3/2) येतो, आणि Q वरचे बल गुणिले r हेही अक्षरशः तेच येते. म्हणजे देणे-घेणे कुठल्याही अंतरावर तंतोतंत जुळते, जवळ असो वा लांब. अंदाज शिरतो तो फक्त दोन्ही बाजूंना त्याच एका p च्या साध्या सूत्रात मांडताना, आणि शिरतो तो दोन्हीकडे सारखाच. म्हणून 'एकीकडे अंदाज, दुसरीकडे सत्य' हा सुरुवातीचा पेच मुळात खोटा होता. दोन्हीकडे एकच अट आहे. एका प्रकरणात ती उघड लिहिली आहे, दुसऱ्यात 'एकसमान' या विशेषणात सामावली आहे.

ऊर्जेबद्दलचा एक जुना आक्षेपही याच वाटेने सुटतो. U = −pE cosθ यात काटकोनात ऊर्जा शून्य धरली आहे, ही निवड मनमानी आहे असे म्हणतात. नुसत्या टॉर्कवरून ऊर्जा काढली, तर तक्रार योग्य आहे: कोन बदलताना केलेले काम फक्त ऊर्जेतला फरक देते, शून्य कुठे ठेवायचे ते सांगत नाही. पण Q ला चित्रात आणले की निवड आपली राहत नाही. अनंत अंतरावर विभव शून्य धरले, की विषुवीय प्रतलात ते आपोआप शून्य, आणि तिथेच Q चे क्षेत्र p ला काटकोनात असते. Q ला अनंतापासून त्या प्रतलातून आत आणायला काहीच काम पडत नाही. हा शून्य त्यामुळे सोयीपेक्षा अधिक काहीतरी आहे. मात्र या ऊर्जेत दोन गोष्टी धरलेल्या नाहीत हे ध्यानात ठेवावे: +q आणि −q यांना एकत्र बांधून ठेवणारी अंतर्गत ऊर्जा, आणि बाह्य क्षेत्रामुळे रेणू ताणला जाऊन तयार होणारे प्रेरित आघूर्ण. प्रेरित आघूर्णाच्या ऊर्जेत अर्ध्याचा गुणक येतो, कारण ते क्षेत्राबरोबर शून्यापासून वाढत जाते आणि ताणण्यासाठीही ऊर्जा खर्ची पडते. कायम आघूर्णाला तो गुणक लावणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. आणि आयनासारख्या, एकूण प्रभार शून्य नसलेल्या कणाचे p आरंभबिंदू कुठे धरला यावर अवलंबून असते, म्हणून त्याच्या बाबतीत 'याचे p इतके' एवढेच म्हणणे अपुरे ठरते.

शेवटची शंका प्रयोगाची. काटकोनातून θ = 0 कडे ऊर्जा घटते, मग मोठे क्षेत्र लावले की पाण्याचे सगळे रेणू रांगेत उभे राहतील का? टॉर्क एकटा कुणालाच रांगेत उभे करत नाही. घर्षण किंवा टक्कर नसेल तर द्विध्रुव समतोलापलीकडे जाऊन परत येत राहील. टकरा असतील तर उष्णतेची गडबडही असणार. कोरड्या हवेत मीटरला सुमारे तीस लाख व्होल्टला ठिणगी पडते. त्याच्या आतले, दहा लाख व्होल्टचे क्षेत्र घ्या. वायुरूप पाण्याच्या रेणूसाठी pE हे खोलीच्या तापमानाला kT च्या (इथला k बोल्ट्झमनचा) सुमारे साडेसहाशेव्या भागाइतके भरते, आणि cosθ ची सरासरी pE/3kT, म्हणजे दहा हजारांत पाच. रेणू जवळजवळ पूर्ण बेशिस्तच राहतात. पण ही उरलेली इवलीशी शिस्त तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि पीटर डिबाय यांनी १९१२ मध्ये हाच धागा पकडला. वायूचे ध्रुवण 1/T समोर मांडले की सरळ रेषा मिळते. तिच्या चढावरून p मिळते, आणि 1/T शून्याशी ती जिथे पोचते तिथून प्रेरित भाग. हायड्रोजन क्लोराइडची रेषा चढते. कार्बन डायऑक्साइडची आडवी राहते, जरी त्यातला प्रत्येक बंध ध्रुवीय आहे, कारण दोन्ही बंधांची आघूर्णे समोरासमोर येऊन एकमेकांना पुसतात आणि एकसमान क्षेत्राला वळवायला कायमचे p उरतच नाही.